विश्लेषण : परिचारिकेच्या अहवालात नुसते ‘काम चांगले’ लिहून का भागत नाही? रुग्णसेवा, सहकार्य, नोंदी आणि पाळ्यांबाबतचे शेरे कसे असावेत?

मार्चअखेर आली की सरकारी रुग्णालयांत औषधसाठ्याच्या हिशेबाबरोबर आणखी एक काम निघते. ते म्हणजे कर्मचाऱ्यांचे कार्यमूल्यमापन अहवाल. पूर्वी याला गोपनीय अहवाल किंवा सोप्या भाषेत ‘सीआर’ म्हणत. आजही वॉर्डात हाच शब्द चालतो. हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय असो किंवा वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या तालुक्यांतील रुग्णालये, तेथील परिचारिकांच्या वर्षभराच्या कामावर या काही ओळी लिहिल्या जातात. अनेकदा त्या ओळी ‘काम समाधानकारक’, ‘मेहनती आहे’, ‘सुधारणेस वाव’ अशा असतात. त्या वाचून परिचारिकेने वर्षभर नेमके काय केले, हे कळत नाही. पण पदोन्नतीच्या बैठकीत नेमक्या याच ओळी वाचल्या जातात. मग शेरा लिहायचा कसा, तो कशावर आधारलेला असावा आणि चुकीचा आला तर काय करायचे?

हा अहवाल कोण लिहिते? त्यावर काय अवलंबून असते?

राज्य सरकारच्या सेवेत अहवालाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे धरले जाते. कर्मचारी आधी आपल्या कामाचे स्वयंमूल्यमापन लिहून देतो. त्यावर प्रतिवेदन अधिकारी शेरे आणि प्रतवारी देतो आणि त्याच्यावरचा पुनर्विलोकन अधिकारी ते तपासतो. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, तिच्यावर वॉर्ड सांभाळणारी परिसेविका म्हणजेच ‘इनचार्ज सिस्टर’, त्यावर अधिसेविका म्हणजे मेट्रन आणि सर्वांत वर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा वैद्यकीय अधीक्षक अशी उतरंड असते. सही कोणाचीही असली तरी परिचारिकेचे काम रोज डोळ्यांनी पाहिलेली व्यक्ती बहुतेक वेळा इनचार्ज सिस्टरच असते. त्यामुळे शेऱ्याचा कच्चा माल तिच्याकडूनच येतो.

या अहवालांवर दोन गोष्टी थेट अवलंबून असतात. पहिली म्हणजे अधिपरिचारिकेची परिसेविका म्हणून पदोन्नती. दुसरी म्हणजे सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना. पदोन्नतीची जागा नसली तरी १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनाचा लाभ देणारी ही योजना आहे आणि तो लाभ देताना मागील काही वर्षांचे अहवाल पाहिले जातात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिकांच्या बाबतीतही पुनर्नियुक्तीच्या वेळी कामाचे मूल्यमापन होते. म्हणजे घाईत लिहिलेली एक ओळ पुढे वर्षानुवर्षे पगारात दिसू शकते.

शेरा आणि मत यांत फरक काय?

‘सिस्टर हुशार आहेत’ हे मत झाले. ‘प्रतिसर्पविषाची सलाईन सुरू असताना पंधराव्या मिनिटाला अंगावर आलेले पुरळ त्यांनी ओळखले आणि सलाईन थांबवून डॉक्टरांना बोलावले’ ही नोंद झाली. मत लिहिणाऱ्यागणिक बदलते. नोंद मात्र केस पेपर उघडून तपासता येते. चांगल्या शेऱ्यात तीन गोष्टी असतात: काय घडले, ते कुठे नोंदलेले आहे आणि असे वर्षभर घडत होते की एकदाच. यातली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

हे समजून घेण्यासाठी एक काल्पनिक, पण खरीप हंगामात मराठवाड्यातील कोणत्याही रुग्णालयाला ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. सोयाबीनच्या शेतात काम करणाऱ्या एका शेतमजुराला साप चावला. नातेवाइकांनी त्याला संध्याकाळी रुग्णालयात आणले. अनेक सरकारी रुग्णालयांत परिचारिकांच्या पाळ्या साधारणपणे सकाळी ८ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा असतात. त्यामुळे या एका रुग्णाचे उपचार दोन पाळ्यांत वाटले जाणार, हे उघड आहे.

त्या रात्री वॉर्डात काय घडले?

विषामुळे रक्ताची गोठण्याची क्षमता गेली आहे का, हे पाहण्यासाठी २० मिनिटांची एक साधी चाचणी करतात. शिरेतून सुमारे २ मिलिलीटर रक्त घेऊन स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ठेवायचे, २० मिनिटे ती नळी हलवायची नाही आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे, असे धरले जाते. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल तर उत्तर चुकू शकते.

आपल्या उदाहरणात ६.१० ला रक्त घेतले. ६.३० ला ते गोठलेले नव्हते. डॉक्टरांच्या आदेशावरून ६.४० ला प्रतिसर्पविषाच्या १० कुप्या सलाईनमधून सुरू झाल्या. ६.५५ ला रुग्ण छाती खाजवू लागला आणि अंगावर पुरळ दिसले. परिचारिकेने सलाईन थांबवली आणि डॉक्टरांना बोलावले. त्यांनी अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन द्यायला सांगितले. रुग्ण स्थिर झाल्यावर ७.१५ ला सलाईन पुन्हा हळू वेगाने सुरू झाली. रक्ताची चाचणी साधारण सहा तासांनी पुन्हा करायची असते. त्याप्रमाणे ‘पुढची चाचणी रात्री १ वाजता’ असा आदेश डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिला.

रात्री ८ वाजता पाळी बदलली, तेव्हा सलाईन सुरूच होती. रात्रीच्या परिचारिकेने १ वाजता रक्त घेतले. १.२० ला ते अजूनही गोठत नव्हते. डॉक्टरांनी दुसरी मात्रा दिली. सकाळी ७.३० ला पुन्हा रक्त घेतले आणि ७.५० ला नळी तिरकी केली तेव्हा ते गोठलेले होते.

मार्चअखेर संध्याकाळच्या परिचारिकेचा अहवाल लिहायचा आहे, असे समजू. अहवालाचे चारही मुद्दे या एका रुग्णात सापडतात.

रुग्णसेवेचा शेरा कसा लिहावा?

रुग्णसेवा म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे आणि केवळ इंजेक्शन देणेही नव्हे. परिचारिका रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ असते. त्यामुळे रुग्णात होणारा बदल सर्वांत आधी तिच्या लक्षात येणे आणि तिने त्यावर योग्य ते करणे हा रुग्णसेवेचा गाभा आहे. प्रतिसर्पविष घोड्याच्या रक्तद्रव्यापासून बनवतात. त्यामुळे काही रुग्णांना त्याची तीव्र अॅलर्जी होते आणि ती सुरुवातीच्या काळातच दिसण्याची शक्यता जास्त असते. त्या वेळी परिचारिका सलाईन लावून दुसऱ्या टोकाला गेली असती, तर पुरळ दिसले नसते. पुढची पायरी श्वास अडकण्याची किंवा रक्तदाब कोसळण्याची असू शकते.

म्हणून ‘रुग्णांची काळजी उत्तम घेतात’ याऐवजी शेरा असा हवा: ‘धोक्याचे औषध सुरू असताना सुरुवातीच्या काळात रुग्णाजवळ थांबून निरीक्षण करतात. सर्पदंशाच्या रुग्णाला अॅलर्जीची लक्षणे दिसताच औषध थांबवून डॉक्टरांना तत्काळ बोलावले. वर्षभरात तपासलेल्या अशा इतर केस पेपरांतही हीच पद्धत दिसते.’

रुग्णाशी बोलण्याचा मुद्दा याच सदरात येतो, पण तोही घटनेच्या रूपात लिहिता येतो. ‘स्वभाव प्रेमळ’ असे म्हणण्यापेक्षा ‘घरी जाताना गोळ्या कधी आणि कशा घ्यायच्या हे नातेवाइकांकडून परत वदवून घेतात’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला काम दिसते. उणीव असेल तर तीही याच भाषेत लिहावी. ‘रुग्णांशी उद्धट’ या दोन शब्दांतून काहीच सुधारत नाही. ‘भेटीच्या वेळेत नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर न देता त्यांना परत पाठवले, अशा दोन तक्रारी आल्या. त्याबद्दल अमुक तारखेला बोलणे झाले. त्यानंतर तक्रार नाही’ एवढे लिहिले तर उणीवही नोंदली जाते आणि सुधारणाही.

सहकार्य कशावरून मोजायचे?

‘सर्वांशी मिळून मिसळून वागतात’ हा अहवालांतला नेहमीचा शेरा. पण वॉर्डात सहकार्य डब्याच्या वेळी कळत नाही, ते पाळी बदलताना कळते. परिचारिकांच्या भाषेत याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. चांगल्या ओव्हरमध्ये रुग्ण कोण, आतापर्यंत काय झाले, आता स्थिती कशी आहे आणि पुढच्या पाळीने काय करायचे, या चार गोष्टी असतात. शक्यतो त्या खाटेजवळ उभे राहून सांगायच्या असतात. तसे केले तर घेणारी परिचारिका सलाईनची बाटली, लघवीची पिशवी आणि रुग्णाचा चेहरा स्वतः पाहू शकते.

आपल्या उदाहरणात ‘१२ नंबरला सर्पदंश, सलाईन चालू आहे’ एवढे सांगून संध्याकाळची परिचारिका निघून गेली असती तर? रात्रीच्या परिचारिकेला अॅलर्जी येऊन गेल्याचे कळले नसते आणि तिने सलाईनचा वेग वाढवला असता. रात्री १ ची चाचणी तिच्या ध्यानात राहिली नसती. रक्त अजून गोठत नाही, हे सकाळच्या राउंडपर्यंत कोणाला कळलेच नसते.

म्हणून शेरा असा लिहिता येतो: ‘ओव्हर खाटेजवळ देतात. गंभीर रुग्णांबाबत पुढच्या पाळीत करायची कामे वेळेसह सांगतात आणि रिपोर्ट बुकात लिहितात. त्यांच्यानंतर ड्युटीवर आलेल्या परिचारिकांकडून माहिती अपुरी मिळाल्याची तक्रार नाही.’ यातले शेवटचे वाक्य लिहिण्याआधी पुढच्या पाळीच्या परिचारिकांना विचारावे लागते. सहकार्याचा खरा साक्षीदार वरिष्ठ नसतो, तर नंतर येणारी सहकारी असते.

कक्षसेवक, सफाई करणाऱ्या मावशी आणि नवीन परिचारिका यांच्याशी वागणेही इथे मोडते. मात्र जी परिचारिका डॉक्टरांच्या आदेशातील अस्पष्ट मात्रा पुन्हा विचारून घेते, तिला ‘वाद घालतात’ असा शेरा मिळू नये. अस्पष्ट अक्षरातील मात्रा अंदाजाने देणाऱ्यापेक्षा विचारून देणारी परिचारिका टीमला अधिक उपयोगी असते.

नोंदी खऱ्या आहेत की नुसत्या भरल्या आहेत?

नोंदी हा चारपैकी सर्वांत सहज तपासता येणारा मुद्दा आहे, कारण पुरावा कागदावरच असतो. ताप, नाडी आणि श्वास यांचा टीपीआर चार्ट, शरीरात गेलेले आणि बाहेर आलेले पाणी मोजणारा तक्ता, औषधांचा तक्ता आणि नर्सेस नोट्स ही चार पाने पुरेशी आहेत. वर्षातील चार-पाच महिने निवडावेत. प्रत्येक महिन्यातून या परिचारिकेच्या ड्युटीतील दोन-तीन केस पेपर काढावेत. निवड चिठ्ठ्या टाकून केली तर उत्तम. नाही तर चांगलेच किंवा वाईटच पेपर हाताला लागतात.

पाहायचे काय? पहिले म्हणजे वेळ. ‘प्रतिसर्पविष दिले’ आणि ‘६.४० ला सुरू, ६.५५ ला पुरळ म्हणून थांबवले, ७.१५ ला पुन्हा सुरू’ या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या नोंदीवरून पुढची चाचणी कधी करायची, हे ठरवता येत नाही. दुसरे म्हणजे औषधाचा बॅच क्रमांक. एकाच बॅचमुळे अनेकांना त्रास होत असेल तर तो याच नोंदीवरून सापडतो. तिसरे म्हणजे चूक दुरुस्त करण्याची पद्धत. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, शेजारी योग्य नोंद, सही आणि वेळ, ही योग्य पद्धत. खाडाखोड, व्हाइटनर किंवा आकड्यावर आकडा गिरवणे संशय निर्माण करते. गडबडीत राहिलेली नोंद नंतर लिहायला हरकत नाही, पण ती ‘उशिरा केलेली नोंद’ म्हणून लिहिण्याच्या खऱ्या वेळेसह हवी.

खोट्या नोंदी ओळखण्याची एक खूण अनुभवी परिसेविकांना माहीत असते. पहाटे ६ च्या रकान्यात दहाही रुग्णांची नाडी ८० आणि श्वास १८ लिहिलेला असेल, सगळीकडे शाई आणि अक्षराची घाई सारखीच असेल, तर त्या नोंदी बहुधा रुग्णांना हात न लावता एका जागी बसून भरलेल्या असतात. तापाने फणफणलेल्या रुग्णाची नाडीही ८० दिसली, तर शंका आणखी बळावते. उलट एखादा रकाना रिकामा आणि खाली ‘याच वेळी खाट ४ वर रुग्ण अत्यवस्थ’ अशी टीप असेल, तर ती नोंद जास्त विश्वासार्ह मानावी.

समजा १२ केस पेपर तपासले. ११ मध्ये औषधांच्या वेळा पूर्ण आहेत आणि ४ मध्ये पाण्याच्या तक्त्याची २४ तासांची बेरीज केलेली नाही. मग शेरा असा: ‘तपासलेल्या १२ पैकी ११ केस पेपरांत औषधांच्या वेळा व सही पूर्ण. पाण्याच्या तक्त्याची बेरीज ४ ठिकाणी राहिली आहे. त्यात सुधारणा हवी.’ ‘नोंदी ठीकठाक’ यापेक्षा हे वाचल्यावर परिचारिकेला उद्यापासून काय बदलायचे, ते कळते.

बदलत्या पाळ्यांमधील भरवसा म्हणजे फक्त वक्तशीरपणा का?

नाही. हजेरीपट हा त्याचा एक भाग आहे. पण रात्री ३ वाजता कोणी पाहत नसताना काम दिवसासारखेच होते का, हा भरवशाचा खरा प्रश्न आहे. त्यासाठी एकाच परिचारिकेच्या दिवसपाळीतील आणि रात्रपाळीतील नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. रात्रपाळीत २ आणि ६ वाजताच्या नोंदी नियमित आहेत का, ठरलेली औषधे वेळेवर गेली का, रुग्ण बिघडल्यावर डॉक्टरांना किती वेळात कळवले, हे त्यावरून दिसते. आपल्या उदाहरणातील संध्याकाळची परिचारिका दुसऱ्या महिन्यात रात्रपाळीला होती. तेव्हा तिच्या रुग्णाची मध्यरात्रीची चाचणी वेळेवर झाली होती का, हे पाहिल्याशिवाय तिच्या भरवशाबद्दल लिहिता येत नाही.

हजेरी पाहतानाही नुसते दिवस मोजून चालत नाही. मंजूर रजा, आजारपणाची रजा आणि १८० दिवसांची प्रसूती रजा हे कर्मचाऱ्याचे हक्क आहेत. त्यांचा उल्लेख ‘वारंवार गैरहजर’ असा होऊ शकत नाही. मोजायचे ते वेगळे: न कळवता गैरहजर राहिल्याचे दिवस, पाळी बदलताना झालेला उशीर आणि उशीर होणार हे आधी कळवले का. आपसात केलेली ड्युटीची अदलाबदल इनचार्जच्या परवानगीने आणि ड्युटी लिस्टमध्ये नोंदवून झाली असेल, तर ती उणीव नव्हे. कारण रुग्णांजवळ कोणीतरी होते.

तालुक्याच्या रुग्णालयात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. रात्री ८ ची ड्युटी असलेली परिचारिका एसटीने गावाहून येत असेल आणि शेवटची सोयीची गाडी ७.५० ला पोहोचत असेल, तर गाडी दहा मिनिटे लेट झाली की तिलाही उशीर होतो. तो उशीर मोजायचा नाही असे नाही. पण तो तीन वेळा झाला आणि तिन्ही वेळा फोन आला होता, हे लिहिले तर चित्र पूर्ण होते. शेरा असा होऊ शकतो: ‘वर्षभरात न कळवता गैरहजेरी नाही. रात्रपाळीला ३ वेळा उशीर, तिन्ही वेळा आधी कळवले. रात्रपाळीतील नोंदी व औषधांच्या वेळा दिवसपाळीइतक्याच नियमित.’

शेरे कुठे चुकतात?

सर्वांत सामान्य चूक म्हणजे मार्च महिन्याचे वर्ष करणे. अहवाल लिहायच्या आधी पंधरा दिवसांत झालेली एखादी खडाजंगी वर्षभराच्या कामावर पसरते. यावर उपाय स्वस्त आहे. इनचार्ज सिस्टरने प्रत्येक परिचारिकेसाठी वहीचे एक पान ठेवावे आणि महिन्यातून दोन ओळी लिहाव्यात: एक चांगली घटना, एक सुधारायची गोष्ट, तारखेसह. वर्षाअखेर चोवीस ओळी समोर असतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते. चुकीची मात्रा देता देता वाचल्याचे किंवा औषध उशिरा गेल्याचे स्वतःहून कळवणारी परिचारिका अहवालात ‘चुका करणारी’ ठरते. जी लपवते, तिची पाटी कोरी राहते. असे एकदा झाले की वॉर्डात कोणीच काही कळवत नाही. तीच चूक मग दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत होते. स्वतःहून दिलेली माहिती प्रामाणिकपणाच्या बाजूने मोजावी. तीच चूक समजावून सांगितल्यावरही पुन्हा झाली, तरच ती उणीव म्हणून लिहावी.

तिसरी चूक म्हणजे कामाचा भार न पाहणे. रात्री ३० खाटांमागे एकटीच असलेल्या परिचारिकेच्या नोंदींची तुलना १० खाटांच्या कक्षातील परिचारिकेशी करता येत नाही. तुलना करायचीच तर त्याच वॉर्डात, त्याच पाळीत काम केलेल्या दुसऱ्या परिचारिकेशी करावी. सगळ्यांच्याच नोंदी पहाटे रिकाम्या दिसत असतील, तर तो एका व्यक्तीचा दोष नसून मनुष्यबळाचा प्रश्न आहे. तो अहवालात नव्हे, अधीक्षकांकडे मांडायचा असतो.

परिचारिकेने स्वयंमूल्यमापनात काय लिहावे?

अनेक जणी हा भाग ‘नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली’ या एका वाक्यात संपवतात. इथे आपली बाजू मांडण्याची पहिली संधी वाया जाते. कोणत्या वॉर्डात किती महिने काम केले, रात्रपाळ्यांच्या किती फेऱ्या केल्या, कोणते प्रशिक्षण घेतले, नवीन परिचारिकांना काय शिकवले आणि तारखेसह दोन-तीन घटना एवढे लिहिले तरी पुरे. वॉर्ड बदलला असेल तर ते नक्की लिहावे. मेडिसिन वॉर्डातून प्रसूती कक्षात गेलेल्या परिचारिकेचे आधीचे आठ महिने नव्या इनचार्जने पाहिलेलेच नसतात. रुग्णाचे नाव मात्र लिहू नये. केस पेपरचा क्रमांक पुरेसा असतो.

शेरा अन्यायकारक वाटला तर?

इथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल उपयोगी पडतात. सीमा रस्ते विभागातील अभियंता देव दत्त यांना पदोन्नतीसाठी विचारात घेतलेल्या पाच वर्षांपैकी एका वर्षी ‘चांगला’ अशी प्रतवारी मिळाली होती. पदोन्नतीसाठी ‘फार चांगला’ ही प्रतवारी लागत होती. ‘चांगला’ हा प्रतिकूल शेरा नाही म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही. पदोन्नती मात्र हुकली. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायालयाने १२ मे २००८ रोजी सांगितले की, सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातील प्रत्येक शेरा, मग तो वाईट असो वा चांगला, त्याला वाजवी काळात कळवला पाहिजे. म्हणजे त्याला त्याविरुद्ध निवेदन देता येईल. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हीच भूमिका कायम ठेवली.

म्हणून परिचारिकेने आपल्या अहवालाची प्रत मागून घ्यावी, ती वाचावी आणि पटत नसेल तर पत्रात दिलेल्या मुदतीत लेखी निवेदन द्यावे. निवेदनात ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे लिहिण्यापेक्षा शेऱ्यातील वाक्य घेऊन त्यासमोर पुरावा ठेवावा. ‘नोंदी अपूर्ण’ असे लिहिले असेल तर कोणत्या तारखेच्या, कोणत्या केस पेपरमधील, हे विचारता येते. त्याच महिन्यांतील पूर्ण नोंदींचे क्रमांकही देता येतात. ‘वारंवार गैरहजर’ लिहिले असेल तर मंजूर रजेचे आदेश जोडता येतात.

ज्या शेऱ्यात घटना, तारीख आणि कागदाचा क्रमांक असतो, तो निवेदन आले तरी सहज टिकतो. लिहिणाऱ्याला तो मागे घ्यावा लागत नाही. ज्यात फक्त ‘वर्तन समाधानकारक नाही’ एवढेच असते, त्याचे समर्थन लिहिणाऱ्यालाही करता येत नाही. त्यामुळे एप्रिल उजाडण्याआधी इनचार्ज सिस्टरने १२ केस पेपर, रिपोर्ट बुक आणि ड्युटी लिस्ट समोर घेऊन तासभर बसावे आणि मगच पेन उघडावे.